संगीताची संध्याकाळ : अडीच मिनिटांचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या लग्नात आदल्या संध्याकाळी ‘संगीत’ ठेवले होते. यादीत बारा नाच होते. रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद झाला तेव्हा त्यांतले दहा झाले होते. राहिलेल्या दोहोंपैकी एक लहान मुलांचा होता. ती मुले तोवर खुर्च्यांवर आडवी होऊन झोपी गेली होती. दुसरा माझ्या आत्याचा आणि तिच्या बरोबरीच्या बायकांचा होता. आत्याने गुडघ्याला पट्टा बांधून तीन आठवडे तालीम केली होती आणि साडेसातपासून ती नऊवारी नेसून तयार बसली होती. “राहू दे गं आता, लोकांना भुका लागल्यात,” एवढेच ती म्हणाली आणि पंगतीची व्यवस्था बघायला उठून गेली.

त्या रात्री कोणी कोणावर अन्याय करायचा म्हणून केला नव्हता. सगळे आपलेच लोक होते आणि सगळे हौसेने नाचत होते. तरीही सर्वांत लहान आणि सर्वांत वडील अशा दोघांनाच वगळले गेले. असे का झाले, याचा विचार करताना माझ्या लक्षात आले की दोष कोणाच्या स्वभावाचा नव्हता, आखणीचा होता. गेल्या हिवाळ्यात नाशिकला चुलतबहिणीचे लग्न ठरले, तेव्हा संगीताची आखणी मी मागून घेतली. त्या अनुभवातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे. अनेक घरांत आता हे काम कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्याच गळ्यात पडते, म्हणून ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांना उपयोगी पडावे.

‘संगीत’ ही मुळात आपल्याकडची रीत नव्हे. पंजाबात आणि उत्तरेकडे लग्नाआधी घरातल्या बायका ढोलकी घेऊन बसत आणि गाणी म्हणत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या होत्या, हळद होती आणि लग्नानंतर मंगळागौरीचे खेळ होते. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती : खेळणारे आणि बघणारे वेगळे नव्हते. झिम्मा-फुगडीत दमलेली बाई बाजूला बसते आणि दुसरी उभी राहते. तेथे कार्यक्रमपत्रिका लागत नाही. आजच्या संगीतात मात्र रंगमंच आला, समोर दीडदोनशे खुर्च्या आल्या आणि घरातली माणसे पाळीपाळीने कलाकार व प्रेक्षक झाली. पाळी आली की ती कोणाची, किती वेळ आणि केव्हा, हे कोणीतरी ठरवावेच लागते. ते ठरवले नाही तर घड्याळ ठरवते, आणि घड्याळ नेहमी यादीतल्या शेवटच्यांना कापते.

वेळ कोठे जातो?

प्रथम मी जुन्या कार्यक्रमाचे चित्रीकरण काढून बसले आणि कागदावर मिनिटे मांडली. आम्ही सुरुवात केली होती आठ वाजून दहा मिनिटांनी. दहा वाजेपर्यंत ११० मिनिटे हाताशी होती. त्यांत झालेल्या दहा नाचांचे संगीत मिळून सुमारे ६० मिनिटांचे होते, म्हणजे एका नाचाला सहा मिनिटे. दोन नाचांच्या मधला वेळ सरासरी तीन मिनिटांचा होता. तो दहा वेळा गेला, म्हणजे ३० मिनिटे. उरलेली २० मिनिटे निवेदकाचे खेळ, सत्कार आणि ‘दोन शब्द’ यांत गेली.

या आकड्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही की मधल्या वेळाचा विचार कोणीच केलेला नसतो. “आमचा नाच पाचच मिनिटांचा आहे,” असे जो तो सांगतो. मागचा गट खाली उतरणे, निवेदकाने नाव पुकारणे, कोणाचा तरी दुपट्टा सापडत नसणे, जागा घेणे आणि मग गाणे सुरू होणे यांना लागणारा वेळ कोणाच्याच खात्यात पडत नाही. दुसरी गोष्ट ही की चार गाण्यांचे तुकडे जोडलेला सहा मिनिटांचा नाच पहिल्या अडीच मिनिटांनंतर प्रेक्षकांनी बघितलेलाच नव्हता. चित्रीकरणात माणसे एकमेकांशी बोलताना स्पष्ट दिसत होती.

दहाची मर्यादा मात्र हलणारी नव्हती. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातल्या काही ठराविक सणांच्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. परंतु आपल्या घरचे लग्न नेमके त्या दिवशी येईल असे धरून चालता येत नाही. आमचा कार्यक्रम नाशिकलाही लॉन्सवरच, म्हणजे उघड्यावरच होता. म्हणून मी हिशेब शेवटाकडून सुरू केला. दहाला आवाज बंद. त्याआधी किमान एक तास सर्वांना मनसोक्त नाचायला मोकळा हवा, कारण पाहुण्यांना खरा आनंद तेथेच मिळतो. त्याआधी जेवण सुरू व्हायला हवे. म्हणजे बसवलेले नाच साडेआठच्या सुमारास संपले पाहिजेत. पावणेआठला सुरुवात धरली तर हाताशी राहिली पाऊण तास.

वधूपक्षाचे चार गट होते, वरपक्षाचे तीन आणि दोन सामाईक; असे नऊ नाच झाले. प्रत्येकाला संगीत अडीच मिनिटे आणि मधला वेळ दीड मिनिट दिला, की एका नाचाला चार मिनिटे होतात. नऊ चोक छत्तीस. निवेदकाच्या प्रस्तावनेला चार मिनिटे धरून चाळीस. उरलेली चार-पाच मिनिटे मी मुद्दाम कोरी ठेवली. त्यांचे काय झाले ते पुढे सांगते.

अडीच मिनिटेच का?

“अडीच मिनिटांत काय होणार!” हा आक्षेप पहिल्याच दिवशी आला. याचे उत्तर तालाच्या हिशेबात आहे. आपली बहुतेक नाचाची चित्रपटगीते आठ मात्रांच्या केरव्यात असतात, आणि नाच बसवणारेही एक ते आठ असेच मोजतात. मिनिटाला १२० मात्रा अशा लयीत आठ मात्रांचे एक आवर्तन चार सेकंदांत होते. म्हणजे अडीच मिनिटांत साधारण ३७ आवर्तने येतात. सहा मिनिटांत तीच ९० होतात. नोकरी, स्वयंपाक आणि लग्नाची खरेदी सांभाळून नाचायला येणाऱ्या माणसाला ९० आवर्तने पाठ करणे जड जाते. मग तो पुढच्याकडे बघून अर्धा सेकंद मागे नाचतो, आणि त्याला स्वतःलाच ते जाणवत राहते.

३७ आवर्तनेसुद्धा सगळी वेगळी नसावीत. आम्ही प्रत्येक गटासाठी एकच साचा ठेवला. प्रवेशाला चार आवर्तने, मुखड्याला आठ, अंतऱ्याला बारा, पुन्हा मुखड्याला आठ आणि शेवटच्या जागेवर येऊन थांबायला पाच. मुखड्यासाठी चार हालचाली, त्याच दोनदा; दुसऱ्या मुखड्यात त्याच पुन्हा. अंतऱ्यासाठी तीन हालचाली आलटून पालटून. प्रवेशाची एक. एकूण आठच हालचाली शिकायच्या, पण बघणाऱ्याला नाच पूर्ण वाटतो.

गाणे कापताना एक काळजी घ्यावी लागते. ओळ संपून नवे आवर्तन जेथे सुरू होते, त्या पहिल्या मात्रेवरच जोड द्यावा. मध्येच जोडले तर एक-दोन मात्रा गळतात आणि सगळ्यांचा पाय चुकतो. जोड बरोबर आहे की नाही हे ओळखायला सोपी कसोटी आहे : डोळे मिटून गाण्यावर टाळ्या वाजवत राहावे, जोडावर टाळी अडखळली नाही तर तो बरोबर आहे.

हा नियम गाणी निवडायच्या आधी जाहीर करणे फार महत्त्वाचे आहे. एकदा कोणी पाच मिनिटांचा नाच बसवला, की त्यातली अडीच मिनिटे कापणे म्हणजे त्याच्या मेहनतीवर कात्री चालवणे होते. आमच्याकडे अट सर्वांना एकच होती, वधूवरांनासुद्धा. नवऱ्या मुलीला तीन मिनिटे दिली असती, तर तिच्या भावंडांनी सव्वातीन मागितली असती.

तालमीचे वेळापत्रक

आता तालमींकडे वळू. वरपक्ष कोल्हापूरचा, त्यांचे तीन गट तेथेच तालीम करणार होते. आमच्याकडे पाच गट होते : बच्चेकंपनी, मुलीची भावंडे, तिचे मामा-मामी, मावश्या-आत्या आणि मैत्रिणी. काहीजण पुण्याहून, काही डोंबिवलीहून येणार. तेव्हा रोज तालीम शक्यच नव्हती. हालचालींचे चित्रीकरण पाठवून प्रत्येकाने घरी शिकायचे आणि तीन रविवारी एकत्र यायचे असे ठरले. चित्रीकरणात पहिल्यांदा आमची चूक झाली. शिकवणारी समोर तोंड करून नाचली, त्यामुळे बघणाऱ्याचा डावा-उजवा उलटा झाला. पहिल्या रविवारी निम्मी माणसे उजवीकडे आणि निम्मी डावीकडे गेली. नंतर आम्ही पाठीमागून चित्रीकरण केले, म्हणजे बघणाऱ्याने जसे दिसते तसेच करावे.

रविवारच्या तालमीला दोन जागा होत्या, दिवाणखाना आणि गच्ची. म्हणजे एका वेळी दोन गट नाचू शकत होते. पाच गटांना किमान तीन फेऱ्या लागणार हे उघड होते. परंतु कोणते दोन गट एका वेळी ठेवायचे? अडचण अशी की काही माणसे दोन गटांत होती. दोन्ही मामी आपापल्या यजमानांबरोबरही नाचणार होत्या आणि मावश्या-आत्यांच्या गटातही होत्या. एक आतेबहीण नवऱ्या मुलीच्या वर्गातली, म्हणून ती भावंडांतही आणि मैत्रिणींतही. लहान मुलांना शिकवणारी मीच, आणि मी भावंडांत नाचणार.

यासाठी मी एक साधा उपाय केला. प्रत्येक गटाची एक चिठ्ठी केली आणि तिच्यावर सगळ्यांची नावे लिहिली. ज्या दोन चिठ्ठ्यांवर एक जरी नाव समान असेल, त्या दोन एका फेरीत ठेवायच्या नाहीत. चिठ्ठ्या टेबलावर सरकवून बघता बघता उत्तर दहा मिनिटांत सापडले.

पहिल्या फेरीत, चार ते चार चाळीस, दिवाणखान्यात मुले आणि गच्चीवर मावश्या-आत्या. दुसऱ्या फेरीत, चार पन्नास ते साडेपाच, फक्त भावंडे. तिसऱ्या फेरीत, पाच चाळीस ते सहा वीस, एकीकडे मामा-मामी आणि दुसरीकडे मैत्रिणी. मी पहिल्या फेरीत मुलांना शिकवून दुसरीत नाचायला मोकळी. आतेबहीण दुसरीत आणि तिसरीत. मामींना पहिली आणि तिसरी, मध्ये एक तास विश्रांती.

ही विश्रांती मी कागदावर तर ठेवली, पण पहिल्या रविवारी दोन्ही मामी त्या वेळात स्वयंपाकघरात वीस कप चहा करताना आढळल्या. मोठ्या मामी हसून म्हणाल्या, “अगं, मोकळं ठेवलंस म्हणून केला.” वेळापत्रकात ज्याला आपण रिकामा वेळ म्हणतो तो घरातल्या बायकांच्या बाबतीत रिकामा राहत नाही, हे मला ध्यानात घ्यायला हवे होते. पुढच्या रविवारी चहा करण्याचे नाव यादीत लिहिले आणि ते काम मामांकडे गेले. चहा जरा गोड झाला. तक्रार कोणी केली नाही.

तालीम चालली आहे की नाही हे ओळखण्याची एक खूण सांगते. दुसऱ्या तालमीत शिकवणारीने गटाच्या मागे जाऊन उभे राहावे. समोर बघायला कोणी नसताना गट पहिले एक मिनिट निम्मे तरी बरोबर करत असेल, तर ठीक आहे. नसेल, तर तालमी वाढवू नयेत, हालचाली कमी कराव्यात. मावश्या-आत्यांच्या गटात असेच झाले. अंतऱ्यात एक गिरकी होती, ती सहांपैकी चौघींना साधेना. आम्ही गिरकी काढली आणि तेथे जागच्या जागी टाळी ठेवली. आत्याच्या गुडघ्यालाही ते बरे पडले. लग्नाच्या आठ दिवस आधी आम्ही सगळे बदल बंद केले. त्यानंतर कोणाला कितीही छान कल्पना सुचली तरी ती मोकळ्या नाचाच्या वेळी करायची असे ठरवले.

क्रम कसा लावला?

क्रम लावताना पुन्हा त्याच चिठ्ठ्या उपयोगी पडल्या. आता त्यांत वरपक्षाच्या तीन आणि वधूवरांची एक अशी भर पडली होती. नऊ नाचांत नाचणाऱ्यांच्या ५१ जागा होत्या आणि माणसे ४५, म्हणजे सहाजण दोनदा नाचणार होते. दोनपेक्षा अधिक नाच कोणालाही नाहीत, हा नियम आधीच केला होता. त्याची खरी कसोटी नवऱ्या मुलीवर लागली. भावंडांना ती हवी, मैत्रिणींना हवी आणि वराबरोबर तर ती असणारच. शेवटी मैत्रिणींनी तिला रंगमंचासमोर खुर्चीत बसवून तिच्याकडे बघून नाचायचे ठरवले, आणि तो नाच तिच्यासाठीच आहे हे त्यामुळे अधिकच उठून दिसले.

आता क्रमाच्या अटी चार होत्या. ज्यांत एक माणूस समान आहे असे दोन नाच लागोपाठ येऊ नयेत. दोन्ही पक्षांचे नाच आलटून पालटून यावेत. मुले आणि वडीलधारी मंडळी आधी व्हावीत. आणि दोन्हीकडच्या काकू-आत्या-मावश्यांचे नाच एकमेकांना लागून नसावेत, कारण लागून आले की पाहुणे नकळत तुलना करतात आणि ती तुलना पुढे वर्षभर चालते.

सुरुवात सर्वांत गुंतलेल्या चिठ्ठीपासून करावी. आमच्याकडे ती भावंडांची होती. तिचे धागे तीन ठिकाणी जात होते : माझ्यामुळे मुलांच्या नाचाशी, आतेबहिणीमुळे मैत्रिणींच्या नाचाशी आणि नवऱ्या मुलीमुळे वधूवरांच्या नाचाशी. मुले पहिली आणि वधूवर शेवटचे हे ठरलेलेच होते. म्हणून भावंडांना मध्याच्या जवळ, चौथ्या जागी ठेवले, की दोन्हीकडे अंतर राहिले. मग बाकीच्या चिठ्ठ्या आपोआप जागा घेऊ लागल्या. शेवटचा क्रम असा झाला :

१. बच्चेकंपनी (दोन्हीकडची)
२. मुलीच्या मावश्या-आत्या
३. मुलाची भावंडे
४. मुलीची भावंडे
५. मुलाच्या काकू-आत्या
६. मुलीचे मामा-मामी
७. मुलाचे मित्र
८. मुलीच्या मैत्रिणी
९. वधूवर

हा क्रम तपासून बघावा. मामी दुसऱ्या आणि सहाव्या नाचात. मध्ये तीन नाच, म्हणजे लुगडे नीट करायला भरपूर वेळ. वराचा एक चुलतभाऊ त्याच्या भावंडांतही आणि मित्रांतही. तो तिसऱ्या व सातव्यात. मी पहिल्या नाचात रंगमंचाखाली उभी राहून मुलांना खुणा करणार आणि चौथ्यात नाचणार. सर्वांत कमी अंतर नवरदेवाला पडले : मित्रांबरोबर सातवा नाच आणि शेवटचा नववा, मध्ये एकच नाच. त्याला कपडे बदलायचे नव्हते, तेव्हा चार मिनिटे घाम पुसून पाणी प्यायला पुरेशी होती. कपडे बदलायचे असतील तर मात्र मध्ये किमान दोन नाच हवेत. आमचा पहिला मसुदा मी याच कारणाने फाडला, कारण त्यात वधूला भावंडांच्या नाचानंतर लगेच वधूवरांच्या नाचाला उभे केले होते.

गटाच्या आतही न्यायाचा प्रश्न असतोच. पहिल्या रांगेतले सर्वांना दिसतात, मागचे फक्त त्यांच्या आईला. म्हणून प्रत्येक गटात दुसरा मुखडा सुरू होण्याआधीच्या दोन आवर्तनांत रांगा बदलायच्या असे ठरवले : मागची रांग मधून पुढे येते, पुढची दोन्ही बाजूंनी मागे जाते. यासाठी वेगळा नाच शिकावा लागत नाही, चालतच जायचे असते. वरपक्षालाही हे कळवले. त्यांच्या काकूंनी उलट टपाली निरोप धाडावा तितक्या तत्परतेने व्हॉट्सॲपवर होकार पाठवला.

प्रत्यक्ष संध्याकाळ

प्रत्यक्षात काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा हिशेब कागदावरचाच राहील. सगळी गाणी एका भ्रमणध्वनीत क्रमांक घालून ठेवली होती आणि तो विमानातल्याप्रमाणे संपर्कापासून तोडून ध्वनियोजनेवाल्याच्या हाती दिला होता, म्हणजे नाच चालू असताना त्यावर कोणाचा फोन येणार नाही. रंगमंचाच्या डाव्या बाजूला एक दादा कागद घेऊन उभा. एक गट नाचत असताना पुढचा गट त्याच्याजवळ येऊन उभा राहिलाच पाहिजे, एवढे एकच काम त्याला दिले होते.

पावणेआठची सुरुवात सात पन्नासला झाली. प्रस्तावना चारऐवजी पाच मिनिटे चालली. नाचांचे संगीत ठरल्याप्रमाणे साडेबावीस मिनिटे. पण मधला वेळ मी दीड मिनिट धरला होता तो सरासरी दोन मिनिटे निघाला. तो नऊ वेळा गेला म्हणजे अठरा मिनिटे. मैत्रिणी तर छायाचित्रे काढण्यात गुंतल्या होत्या, त्यांना बोलावून आणावे लागले. येथे माझा अंदाज चुकला. ज्यांना असा हिशेब करायचा असेल त्यांनी मधला वेळ दोन मिनिटेच धरावा.

आणि ती कोरी ठेवलेली चार मिनिटे? आयत्या वेळी काहीतरी करू इच्छिणारा प्रत्येक लग्नात असतोच, म्हणून ती ठेवली होती. त्या दिवशी असे दोघे निघाले : वराच्या काकांना गाणे म्हणायचे होते आणि आमच्या एका मामांना नकला करायच्या होत्या. जागा एकच. सहा वर्षांच्या पुतणीकडून चिठ्ठी काढवली. काकांचे नाव निघाले. मामांनी जेवणानंतर मोकळ्या वेळात नकला केल्या, आणि तेथे त्यांना कोणी थांबवणारेही नव्हते. नियम आधी सांगितलेला असला आणि चिठ्ठी लहान मुलीने उचललेली असली, की नाही म्हणण्याचे पाप कोणा एकाच्या माथी येत नाही.

सगळे मिळून ५० मिनिटे लागली. आठ चाळीसला बसवलेले नाच संपले आणि दहापर्यंत एक तास वीस मिनिटे उरली.

या सगळ्या आखणीच्या मर्यादाही आहेत. पंधरा-सोळा गट असले तर चार मिनिटांच्या हिशेबानेही तासाच्या वर जाईल. तेव्हा गट एकत्र करावे लागतात आणि ते काम चिठ्ठ्यांनी होत नाही, माणसांशी बोलूनच होते. ज्याला नाचायचे नाही त्याला ‘सगळ्यांना समान संधी’ म्हणून ओढू नये, कारण ती संधी राहत नाही. आणि घरातला एखादा खरोखर उत्तम नाचणारा असेल, तर अडीच मिनिटांची अट त्याला जाचते, हेही खरे. आमच्याकडे कथक शिकलेली एक मावसबहीण होती. तिने अट पाळली. पण ती पाळताना तिचे नुकसान झाले हे मला कबूल केले पाहिजे.

आत्याचे मात्र सांगायचे राहिले. सुरुवातीला मी तिचे नाव लिहायला गेले तेव्हा ती म्हणाली होती, “माझं नको घालूस गं. मी बघेन बसून.” मी तिला समजावले नाही. फक्त कागद पुढे केला आणि दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवले. तिने चष्मा लावून वेळ वाचली : सात त्रेपन्नऐवजी फार तर आठ. मग विचारले, “आणि मुलं?” म्हटले, “तुझ्या आधी. झोपायच्या आत.” तिने कागद परत दिला आणि म्हणाली, “बरं, लिही मग.”

त्या संध्याकाळी आठच्या सुमारास ती नाचली. दुसऱ्या मुखड्याला रांगा बदलल्या आणि मागे उभी असलेली आत्या चालत पुढे आली. गिरकीच्या जागी तिने टाळी वाजवली, ती अर्धी मात्रा उशिरा पडली. पण समोर सगळे जागे होते.